टाइल्सच्या आधी बाथरूममध्ये तीन दिवस पाणी का भरून ठेवायचं?

घराचं काम रंगात आलेलं असतं. आखाजीला गृहप्रवेश ठरलेला असतो, टाइल्सचे खोके पोर्चमध्ये येऊन पडलेले असतात आणि नेमका तेव्हाच साइटवरचा इंजिनिअर सांगतो, बाथरूममध्ये ड्रमभर पाणी भरून तीन दिवस तसंच ठेवायचं. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, नळाला कुठे चार दिवसांनी तर कुठे आठ दिवसांनी पाणी, आणि हा माणूस पाणी जमिनीवर ओतायला सांगतो! मिस्त्रीही हळूच मालकाच्या बाजूने बोलतो : "कोबा करेल शे ना भाऊ, काय व्हत नही."

जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगाव अशा गावांत आता एकमजली घरांच्या जागी दुमजली-तिमजली घरं आणि अपार्टमेंट उभी राहत आहेत. वरच्याचं बाथरूम खालच्याच्या स्वयंपाकघरावर येतं. त्यामुळे गळतीची तक्रार आता घरातली राहिली नाही, ती शेजाऱ्याशी भांडणाची झाली आहे. ही तीन दिवसांची चाचणी का करतात, कशी करतात आणि तिचा निकाल कसा वाचतात, ते नीट पाहू. निकाल वाचणं हाच त्यातला सर्वात अवघड भाग आहे. पाणी भरणारे पुष्कळ असतात, पण तीन दिवसांनी त्या पाण्याकडे पाहून काय समजायचं, हे फार थोड्यांना सांगता येतं.

टाइल पाणी अडवत नाही का?

टाइल अडवते, पण दोन टाइल्सच्या मधला सांधा अडवत नाही. व्हिट्रिफाइड टाइल जवळजवळ पाणी पीत नाही, हे खरं. पण सांध्यात भरलेलं सिमेंटचं ग्राउट बारीक छिद्रांचं असतं. रोज अंघोळीचं पाणी त्यावर पडतं, थोडं आत झिरपतं, टाइलखालच्या सिमेंट-वाळूच्या थरात मुरतं आणि तिथेच राहतं. दोन-तीन वर्षांत ग्राउटला केसासारख्या भेगा पडल्या की ही झिरप वाढते. म्हणजे टाइलखाली ओल असणं ही बिघाडाची गोष्ट नाही. ती असणारच, असं धरून बाथरूम बांधायचं असतं. ती ओल स्लॅबमध्ये आणि शेजारच्या भिंतीत जाऊ नये, एवढाच प्रश्न आहे.

त्यासाठी टाइलच्या खाली एक अखंड, पाणी न सोडणारा थर लागतो. त्यालाच मेम्ब्रेन म्हणतात. आकाराने तो परातीसारखा असला पाहिजे. तळ अखंड, कडा वर उचललेल्या आणि तळ व कड यांच्यात कुठेही सांधा उघडा नाही. नुसती सपाट ताटली करून उपयोग नसतो, कारण पाणी कडेलाच बाहेर पडतं.

मग कोबा काय करतो?

विटांच्या तुकड्यांचा कोबा आपल्याकडे पिढ्यानपिढ्या करतात आणि गच्चीवर तो चांगलं कामही देतो. पण बाथरूममधल्या कोब्याचं मुख्य काम भरावाचं आणि उताराचं असतं. त्यातली वीट पाणी शोषते. ते हळूहळू खाली सोडते, त्यामुळे गळती उशिरा दिसते एवढंच. मसाल्यात बाटलीतलं वॉटरप्रूफिंगचं लिक्विड टाकलं तरी तो मसालाच राहतो. त्याची पाणी पिण्याची सवय कमी होते, पण भेग पडली की पाण्याला वाट मिळतेच. मेम्ब्रेनचा थर थोडा लवचीक असतो. खालच्या प्लास्टरला बारीक भेग पडली तरी तो ताणला जातो, लगेच फाटत नाही.

घरगुती बाथरूमसाठी आपल्याकडे सर्वात जास्त वापरतात तो दोन भागांचा लेप. एका डब्यात दुधासारखं पॉलिमर आणि एका पिशवीत सिमेंटची पावडर. दोन्ही सांगितलेल्या प्रमाणात मिसळायचं आणि ब्रशने दोन हात द्यायचे. पहिला हात आडवा, दुसरा उभा, म्हणजे एकात राहिलेली बारीक छिद्रं दुसऱ्यात बुजतात. दोन हातांचे रंग वेगळे ठेवले, एक करडा आणि एक पांढरा, तर कुठे राहून गेलं ते लांबूनही दिसतं. ही युक्ती फुकट आहे आणि तरी फार कमी लोक वापरतात.

लागतो किती? पाच बाय सात फुटांचं बाथरूम घ्या. फरशीचे ३५ चौरस फूट. चारही भिंतींवर एक फूट उंचीपर्यंत, दाराची जागा सोडून, साधारण साडेएकवीस. शॉवरच्या कोपऱ्यातल्या दोन भिंती मिळून सात फूट रुंद, त्या सहा फुटांपर्यंत न्यायच्या म्हणून आणखी ३५. एकूण ९२ चौरस फूट, म्हणजे सुमारे साडेआठ चौरस मीटर. दोन हात मिळून एक मिलिमीटरच्या आसपास जाडी हवी असेल, तर चौरस मीटरला दीड ते दोन किलो लेप जातो. म्हणजे या एका बाथरूमला १३ ते १७ किलो. नेमका आकडा प्रत्येक डब्यावर दिलेला असतो, तो पाहायचा. पण एक लिटरची बाटली घेऊन आलेला माणूस "तिन्ही बाथरूमचं वॉटरप्रूफिंग करून देतो" म्हणाला, तर तो लेप लावत नाही, रंग लावतो आहे, एवढं या हिशोबावरून कळतं.

गळती मधून होत नाही, कडेने होते

फरशीच्या मधोमध लेप फुटल्याचं क्वचित दिसतं. गळती सापडते ती जिथे एक वस्तू दुसरीला भेटते तिथे. अशा तीन जागांवर मालकाने स्वतः उभं राहून काम करून घ्यावं.

पहिली, फरशी आणि भिंतीचा कोपरा. इथे लेप काटकोनात वळला की तिथेच पातळ पडतो आणि तिथेच फाटतो, कारण स्लॅब आणि भिंत वेगवेगळ्या हलतात. म्हणून आधी मसाल्याने कोपऱ्याला बोटभर गोलाई देतात. ती वाळली की पहिल्या ओल्या हातावर फायबरच्या जाळीची पट्टी बसवतात, अर्धी फरशीवर आणि अर्धी भिंतीवर, आणि मग दुसरा हात.

दुसरी, नाणी ट्रॅप, म्हणजे फरशीवरचं पाणी जिथून पाइपात जातं ते तोंड, आणि कमोडच्या पाइपभोवतीची जागा. स्लॅबमधून पाइप नेताना भोक मोठं फोडलेलं असतं. ते बऱ्याचदा विटेचा तुकडा आणि मसाला कोंबून बुजवतात. मसाला सुकताना आकसतो आणि पाइपभोवती केसाएवढी फट पडते. इथे न आकसणारं ग्राउट भरावं लागतं. शिवाय पीव्हीसी गुळगुळीत असल्यामुळे सिमेंटचा लेप त्याला धरत नाही. पाइपची कड पॉलिश पेपरने खरखरीत करायची, भोवती बोटभर खाच ठेवून तिच्यात सीलंट भरायचं आणि लेप त्यावरून ट्रॅपच्या तोंडाच्या आतपर्यंत न्यायचा.

तिसरी जागा दार. भिंतींना एक फूट लेप चढतो, पण दारात भिंतच नसते. तिथे कडप्प्याची किंवा ग्रॅनाइटची उभी पट्टी आधी बसवून लेप त्या पट्टीवर चढवावा लागतो. चौकटीचे पाय जिथे पट्टीला टेकतात, तो कोपरा सर्वात जास्त वेळा विसरला जातो. पुढच्या उदाहरणात तोच येणार आहे.

उन्हाळ्यात लेप लावताना

खानदेशात बांधकामाचा हंगाम आणि कडक ऊन एकत्रच येतात. दोन्ही भाग मिसळल्यावर लेप साधारण अर्धा-पाऊण तास कामाचा राहतो. उन्हात हा वेळ आणखी कमी होतो. बादलीतला लेप घट्ट व्हायला लागला की कारागीर त्यात पाणी टाकून तो सैल करतो. इथेच काम बिघडतं. पाणी टाकलेला लेप वाळल्यावर पातळ आणि भुसभुशीत राहतो, वरून मात्र तसाच दिसतो. म्हणून थोडा-थोडाच लेप मिसळायचा आणि काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करायचं.

दुसरं म्हणजे, तापलेल्या कोरड्या प्लास्टरवर लेप लावला तर प्लास्टर त्यातलं पाणी ओढून घेतं आणि लेप धरत नाही. आधी पृष्ठभाग धूळ झाडून ओला करायचा, पण पाणी साचलेलं किंवा चमकणारं नको. हात लावला तर गार लागावा, बोट ओलं होऊ नये. काही लेपांना ओल्या पृष्ठभागाऐवजी प्रायमर सांगितलेला असतो, तिथे डब्यावरची सूचना खरी.

आणि वाळलं म्हणजे तयार झालं असं नाही. मे महिन्यात दोन तासांत लेप हाताला कोरडा लागतो. आतून तो पक्का व्हायला दिवस लागतात. शेवटच्या हातानंतर पाणी भरायला किती दिवस थांबायचं, हे लेपाप्रमाणे बदलतं, बहुतेक वेळा तीन ते सात दिवस. दुसऱ्याच दिवशी पाणी भरलं तर चांगला लेपही मऊ पडतो आणि चाचणीच त्याचं नुकसान करते.

पाणी भरायचं कसं

आधी ट्रॅपचं तोंड बंद करायचं. ही साधी वाटणारी गोष्ट चाचणीचा निकाल ठरवते. बहुतेक ठिकाणी फडकं आणि वर थोडा मसाला लावून ट्रॅप वरूनच बंद करतात. मग पाणी ट्रॅप आणि लेपाच्या सांध्यापर्यंत पोहोचतच नाही. जी जागा सर्वात संशयाची, तीच चाचणीतून सुटते. बूच ट्रॅपच्या आत, सांध्याच्या खाली बसलं पाहिजे. पाइपमध्ये फुगवायचा रबरी बूच मिळतो, तो उत्तम. पाइपच्या मापाचा रबरी प्लगही चालतो.

दारात पट्टीची उंची कमी असेल तर खोलीच्या बाजूने तात्पुरता विटेचा बांध घालायचा. बांध लेपावर बांधायचा नाही, कारण नंतर तो फोडताना लेपही निघतो. नळाच्या पाइपचा मुख्य वॉल्व्ह बंद ठेवायचा, नाहीतर भिंतीतल्या पाइपची गळती आणि लेपाची गळती वेगळी ओळखता येत नाही. पाइपची चाचणी पंपाने दाब देऊन आधीच झालेली असावी.

मग पाणी. फरशीला ट्रॅपकडे उतार असतो, त्यामुळे खोली सगळीकडे सारखी येणार नाही. मोजायचं ते सर्वात उंच जागेवर, साधारण दाराशी. तिथे दोन इंच पाणी असलं की ट्रॅपच्या बाजूला ते तीन इंच भरतं. आपल्या पाच बाय सातच्या बाथरूमला त्यासाठी सुमारे २०० लिटर लागतात, म्हणजे बरोबर एक ड्रम. पाणी चाचणीनंतर वाया जायची गरज नाही. बादल्यांनी काढून ते प्लास्टरच्या क्युरिंगला किंवा झाडांना घालता येतं. एवढ्या पाण्याने स्लॅबवर भार येईल ही भीतीही नको. ते २०० किलो पूर्ण फरशीवर पसरलेलं असतं, चौरस मीटरला साठ-बासष्ट किलो, आणि घरातल्या माणसा-सामानासाठी स्लॅब याच्या तिप्पट भार धरून बांधतात.

पाणी भरून दोन-तीन तास शांत राहू द्या. मग दाराजवळ भिंतीला एक स्टीलची पट्टी चिकटवून त्यावर पाण्याची पातळी, तारीख आणि वेळ लिहा. फोटोही काढून ठेवा. पुढे कंत्राटदाराशी बोलताना तो उपयोगी पडतो.

पाणी उतरलं. गळालं की उडालं?

आता खरा प्रश्न. दुसऱ्या दिवशी पाणी थोडं कमी झालेलं असतंच. मालक म्हणतो, गळतंय. मिस्त्री म्हणतो, ऊन केवढं आहे, उडालं असेल. दोघांचंही खरं असू शकतं, आणि खानदेशच्या उन्हाळ्यात मिस्त्रीचं म्हणणं नुसतं झटकून टाकता येत नाही. उघड्यावरच्या तळ्यातून मे महिन्यात दिवसाला काही मिलिमीटर पाणी सहज उडतं. बंद बाथरूममध्ये कमी उडेल, खिडकी उघडी असेल आणि वारा खेळत असेल तर जास्त.

भांडण मिटवायला एक बादली पुरते. सरळ कडांची प्लास्टिकची बादली जवळजवळ काठोकाठ भरायची आणि बाथरूममध्ये त्याच पाण्यात उभी करायची. बादली गळत नाही. तिच्यातलं पाणी जेवढं उतरेल तेवढं फक्त उडालेलं. बाथरूमची पातळी त्यापेक्षा जास्त उतरली, तर तो फरक गळतीचा. बादली अर्धी भरू नका. खोल कडांच्या आत वारा लागत नाही आणि मग उडणं कमी दिसून हिशोब चुकतो.

समजा, जळगावात पहिल्या मजल्यावरच्या आपल्या त्याच बाथरूममध्ये पाणी भरलं आणि दाराशी पट्टीवर ५० मिलिमीटर लिहिलं. २४ तासांनी तिथे ४४ दिसतं, म्हणजे सहा मिलिमीटर उतरलं. बादलीत तीन मिलिमीटर उतरलं आहे. फरक तीनचा. दुसऱ्या २४ तासांनी पट्टीवर ३८ आणि बादली पुन्हा तीनच उतरलेली. पुन्हा तीनचा फरक. फरशीचं क्षेत्रफळ सव्वातीन चौरस मीटर आहे, म्हणून एक मिलिमीटर म्हणजे सव्वातीन लिटर. दोन दिवसांत सहा मिलिमीटरचा फरक म्हणजे सुमारे साडेएकोणीस लिटर पाणी कुठेतरी गेलं. डोळ्याला अर्धा सेंटिमीटर दिसतं आणि प्रत्यक्षात एक मोठी बादली रिकामी झालेली असते.

बरेच लोक इथे पाणी काढून पूर्ण फरशीवर आणखी एक हात लावायला सांगतात. तसं करू नका. आधी बूच तपासा. खालच्या चेंबरमध्ये किंवा डक्टमधल्या पाइपात थेंब येतोय का पाहा, कारण खोट्या गळतीचं सर्वात मोठं कारण तेच असतं. बूच ठीक असेल तर पाणी तसंच आणखी एक दिवस राहू द्या.

तिसऱ्या दिवशी पट्टीवर ३५ दिसतं. तीन उतरलं आणि बादलीही तीनच उतरली. फरक शून्य! गळती थांबली. ती आपोआप बुजली, असा अर्थ काढणारे असतात. खरा अर्थ वेगळा आहे. पाणी गळतीच्या जागेच्या खाली उतरलं. म्हणजे फट फरशीत नाही, ट्रॅपभोवतीही नाही, कारण तिथे अजून पाणी आहे आणि ते गळत नाही. फट आहे ती दाराशी मोजलेल्या ३८ मिलिमीटरच्या आसपासच्या रेषेवर, म्हणजे दाराच्या बाजूला फरशीपासून साधारण दीड इंच उंचीवर आणि ट्रॅपच्या बाजूला अडीच इंचावर. आता पूर्ण बाथरूम शोधायचं नाही. या एकाच आडव्या रेषेवर चारही भिंतींनी बोट फिरवत जायचं. आपल्या उदाहरणात दाराच्या डाव्या चौकटीचा पाय आणि प्लास्टर यांच्यामधली फट सापडते. तिथे जाळी लावलेलीच नाही आणि बाहेरच्या खोलीत चौकटीच्या मुळाशी प्लास्टर काळपट ओलं झालेलं आहे.

दुरुस्ती मग तासाभराची. फट कोरडी होऊ द्यायची, ती खरवडून सीलंट भरायचं, जाळीचा तुकडा लावून दोन हात द्यायचे आणि लेपाला सांगितलेले दिवस थांबायचं. पण चाचणी पुन्हा पहिल्यापासून करायची, ५० मिलिमीटरपासून. ३५ वर शून्य फरक आला म्हणजे पास, हे धरायचं नाही, कारण त्या उंचीवर पाणी फटीपर्यंत पोहोचतच नव्हतं.

खालचं छत कोरडं आहे, मग झालं ना?

पातळीच्या खुणेला एक मर्यादा आहे. दिवसाला एक लिटर गळत असेल तर पातळीत फरक पडतो ०.३ मिलिमीटर. तो पट्टीवर कुणालाच वाचता येणार नाही. पण रोज एक लिटर, वर्षभर, ही खालच्या छताचा रंग काढायला पुरेशी गळती आहे. म्हणून दोन्ही बाजूंनी पाहावं लागतं. मोठी गळती वरून पट्टीवर दिसते आणि बारीक गळती खालून छतावर. खाली प्लास्टर झालेलं नसेल तर फार चांगलं. चाचणीच्या आधी कोरड्या स्लॅबचा फोटो काढून ठेवायचा आणि रोज पाइपाभोवती व कोपऱ्यांत टॉर्च मारायचा. स्लॅबमधून पाणी यायला वेळ लागतो, म्हणून २४ तासांवर थांबू नये. ४८ तास किमान, ७२ असतील तर बरं.

तरी खालचं छत फसवतं, आणि ते फसवतं खाली दाबलेल्या स्लॅबच्या बाथरूममध्ये. अपार्टमेंटमध्ये बाथरूमची स्लॅब फूटभर खाली घेतात. त्या खड्ड्यात पाइप टाकून वर कोबा किंवा विटांचा भराव करतात आणि त्यावर फरशी. लेप फक्त भरावाच्या वर लावला असेल, तर गळलेलं पाणी आधी भराव पिऊन घेतो. कोरडा भराव कित्येक लिटर पाणी पोटात ठेवतो. तीन दिवस खालचं छत कोरडं, चाचणी पास, सगळे खूश. मग दीड-दोन वर्षांनी भराव तुडुंब भरला की पाणी छतातून यायला लागतं आणि तेव्हा ते बंदही होत नाही, कारण वापर थांबवला तरी भरावातलं पाणी महिनाभर ठिबकत राहतं.

यावर उपाय एकच : दोन परीक्षा. पहिला लेप खड्ड्याच्या तळाला आणि चारही बाजूंना, भराव टाकण्याआधी, आणि त्याची चाचणी तेव्हाच. दुसरा लेप भरावावर, टाइलच्या खाली, आणि त्याची चाचणी वेगळी. वेळ जातो, हे कबूल. पण माझ्या मते या दोहोंपैकी एकच परीक्षा करायची वेळ आली, तर खालची सोडू नये. शेजाऱ्याच्या छतापर्यंत पाणी जाण्याआधी अडवणारी शेवटची जागा तीच आहे.

तळमजल्याच्या बाथरूमला कशाला?

"खाली जमीनच आहे, गळलं तर गळलं", हे मी खानदेशात सर्वात जास्त ऐकलेलं वाक्य आहे. डोंगराजवळच्या मुरमाड जागेवर ते काही प्रमाणात चालून जातं. तापीकाठच्या काळ्या जमिनीवर नाही. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. कपाशीच्या शेतात मे महिन्यात पडलेल्या भेगा सगळ्यांनी पाहिल्या आहेत. घराखालची सगळी माती कोरडी आणि बाथरूमखालचा एवढाच तुकडा कायम ओला राहिला, तर तेवढाच भाग वर येतो. मग बाथरूम आणि शेजारच्या खोलीच्या मधल्या भिंतीत तिरकी भेग पडते, फरशी उचलली जाते, दार घासायला लागतं. मालक पायाला दोष देतो.

इथे चाचणीला खालचं छत नसतं, म्हणून पट्टी आणि बादली यांवरच सगळा भर. जोडीला बाथरूमच्या पलीकडच्या भिंती पाहायच्या. प्लास्टरचा रंग बदलला, जमिनीलगत पांढरा खार फुटला, तर पाणी कडेने निघतं आहे. फक्त विंधण विहिरीच्या पाण्याने क्युरिंग केलेल्या भिंतीवर असा खार आधीपासूनच असू शकतो. म्हणून पाणी भरण्याआधी त्या भिंतीचाही फोटो काढावा.

भिंतींची चाचणी होत नाही

हे स्पष्ट सांगायला हवं, कारण चाचणी पास झाली की पूर्ण बाथरूम पास झालं असं सगळे धरतात. साचवलेलं पाणी भिंतीला दोन-तीन इंचच भिडतं. त्याच्या वर शॉवरचा कोपरा, नळाच्या पाइपच्या झिऱ्या, गिझरचे पॉइंट, यांची परीक्षा त्यात होत नाही. तिथे डोळ्यांचाच भरवसा. झिरी मसाल्याने पूर्ण भरली आहे का, तिच्यावर जाळी आहे का, नळाच्या सॉकेटभोवती सीलंट आहे का, दोन रंगांपैकी खालचा रंग कुठे डोकावतो आहे का, हे दिवसाउजेडी पाहायचं. शॉवरच्या भिंतीच्या मागे कपाट किंवा देवघर येणार असेल तर लेप सहा फुटांवर न थांबवता छतापर्यंत नेणं मला जास्त बरं वाटतं. चार किलो लेप जास्त जाईल.

टाइलवाला आल्यावर

चाचणी पास झालेल्या लेपाला सर्वात मोठा धोका त्याच्यानंतर येणाऱ्या कारागिराचा. गुळगुळीत लेपावर साधा सिमेंटचा मसाला नीट धरत नाही. मग टाइलवाला सवयीने छिन्नी घेऊन टाचे मारतो, आणि लेपाला जागोजाग भोकं पडतात. हे टाळायचं तर दुसरा हात ओला असतानाच त्यावर जाड, धुतलेली वाळू उडवून ठेवतात. वाळल्यावर पृष्ठभाग खरखरीत होतो आणि मसाला धरतो. नाहीतर पॉलिमरचा टाइल अॅडेसिव्ह वापरायचा. अॅडेसिव्ह वापरणार असाल तर उतार लेपाच्या खालीच नीट द्यावा लागतो, कारण अॅडेसिव्हच्या पातळ थरात तो नंतर देता येत नाही.

चाचणी आणि टाइल्स यांच्या मधल्या दिवसांत बाथरूम मोकळं ठेवायचं. तिथे वाळू चाळणं, पाइप कापणं, घमेलं आपटणं चालू राहिलं तर तीन दिवसांचं पाणी फुकट गेलं. कमोड बसवणारा नंतर येतो आणि फरशीत ड्रिलने भोकं पाडून स्क्रू मारतो, तेही बरोबर लेपातून. त्या भोकांत आधी सीलंट भरून मग स्क्रू पिळायला सांगा. भिंतीला टांगलेला कमोड असेल तर हा प्रश्न फरशीत येत नाही, पण मग भिंतीतल्या बोल्टांभोवती तेच करावं लागतं.

कंत्राट लिहिताना "वॉटरप्रूफिंगसह" एवढं लिहून भागत नाही. दोन भागांचा लेप, दोन हात, कोपऱ्यांना जाळी, ७२ तास पाणी, बादलीशी तुलना, आणि टाइल बसवण्याचे पैसे चाचणीच्या फोटोनंतरच, एवढ्या सहा गोष्टी साध्या मराठीत लिहून घ्या. बहुतेक कंत्राटदार कुरकुरतील ती बादलीवर नाही, पैशांच्या अटीवर.